नवशिक्यानं क्रिएटिन आत्ताच घ्यावं, की आधी व्यायाम आणि आहार मार्गी लावावा?

कधीच वजनं उचललेली नाहीत, जिम नुकतीच सुरू केली आहे, आणि डोक्यात प्रश्न क्रिएटिनचा आहे. अशा माणसाला बऱ्याचदा सांगितलं जातं की नवशिक्याला क्रिएटिनचा उपयोगच होत नाही. हे चूक आहे. व्यायामाची अजिबात सवय नसलेल्या लोकांवरही त्याचे प्रयोग झालेत आणि त्यांनाही फायदा झालेला दिसला आहे. तरीही माझं मत आधी आठ ते बारा आठवडे थांबावं असंच आहे, आणि त्याची कारणं वेगळी आहेत.

स्नायूंनी पूर्ण जोर लावला की पहिले काही सेकंद त्यांची ऊर्जा मुख्यतः साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून भरून निघते. क्रिएटिन घेतल्यानं हा साठा वाढतो. म्हणजे सेटच्या शेवटी जिथे आठव्या रेपला दम संपायचा, तिथे नववा निघतो. असे जास्तीचे रेप महिनोन् महिने साठत जातात आणि त्यातून ताकद आणि स्नायू थोडे अधिक वाढतात. पण नवशिक्याचा सेट बहुतेक वेळा इंधन संपल्यामुळे थांबत नाही. स्क्वॉटमध्ये गुडघे आत वळतात, टाचा उचलल्या जातात, पाठ गोल होते, म्हणून तो थांबतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकदही बरीचशी मज्जासंस्था ती हालचाल शिकते म्हणून वाढते. हे शिकणं सरावानंच होतं, आणि क्रिएटिनशिवायही या काळात वजनं भराभर वाढतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा, ६० किलोच्या एका माणसाला अंगावर मांस चढवायचं आहे. त्याच्या रोजच्या जेवणात साधारण ४५ ग्रॅम प्रोटीन आहे. वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅम धरलं तर त्याला ९५ ग्रॅमच्या आसपास हवं. त्यानं जेवण तसंच ठेवलं आणि पहिल्या दिवसापासून क्रिएटिन सुरू केलं. महिन्याभरात काटा ६१.३ दाखवतो आणि त्याला वाटतं, गाडी रुळावर आली. प्रत्यक्षात ते बरंचसं स्नायूंमध्ये ओढलं गेलेलं पाणी असतं. दुसऱ्या महिन्यात काटा हलत नाही, आणि अडचण जेवणात आहे हे कळेपर्यंत आणखी काही आठवडे जातात. चरबी कमी करणाऱ्याचं उलटं होतं: चरबी उतरत असते, पाणी वाढलेलं असतं, वजन तेवढंच दिसतं आणि चांगला चाललेला आहार तो सोडून देतो.

आता हाच माणूस आधी व्यायाम आणि जेवण हाती घेतो असं धरू. आठवड्यातून तीन दिवस, ठरावीक पाच-सहा व्यायाम. डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, १० किलोनं, आठ रेपचे तीन सेट. तिन्ही सेटमध्ये बारा रेप नीट निघाले की पुढच्या वेळी १२ किलो. प्रत्येक आकडा वहीत. रोज सकाळी पोट रिकामं असताना वजन करायचं आणि आठवड्याची सरासरी काढायची. सरासरी आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅमनं वर जात असेल तर जेवण बरोबर आहे. सलग तीन आठवडे जागची हलली नाही तर वाढवायचं. असे दोन महिने गेल्यावर क्रिएटिन सुरू केलं आणि काटा अचानक किलोभर वर गेला, तरी तो गोंधळत नाही. त्याला आपली चाल माहीत असते. वहीतले रेप बघून क्रिएटिनचा काही फरक पडतोय का, याचाही थोडाफार अंदाज येतो.

एका माणसाला मात्र मी इतकं थांबायला सांगणार नाही. आहारातलं क्रिएटिन मुख्यतः मांस आणि मासळीतून येतं, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंमधला साठा सहसा कमी असतो आणि त्याला फरक जास्त जाणवू शकतो. तो महिनाभर न चुकता जातोय आणि प्रोटीनचं गणित जमलंय, तर त्यानं खुशाल सुरू करावं. जो आठवड्यातून एकदाच जिमला जातो त्यानं, शाकाहारी असो वा मांसाहारी, ते पैसे आधी जेवणावर घालावेत.

घ्यायची वेळ आली की साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट पुरे. रोज ३ ते ५ ग्रॅम, जिमला सुट्टी असेल त्या दिवशीही. पहिला आठवडा रोज २० ग्रॅम घेतले तर साठा लवकर भरतो. नाही घेतले तरी तीन-चार आठवड्यांत तिथेच पोचतो, आणि एकदम मोठा डोस घेऊन पोट बिघडण्याचा त्रास वाचतो.

किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी एकदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं, किडनीचं काम कसं चाललंय हे त्यावरून बघतात. क्रिएटिन घेताना हा आकडा किडनी ठणठणीत असूनही थोडा वाढू शकतो. पुढे कधी तपासणी झाली, तर जुना रिपोर्ट दाखवावा आणि आपण क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना सांगावं.