हॅलोजन, झेनॉन की एलईडी? माझ्या जुन्या गाडीपुरतं उत्तर

इंदूरहून धुळ्याला सासुरवाडीला आम्ही वर्षातून चार-पाचदा जातो आणि बहुतेक वेळा रात्रीच निघतो. गाडी बारा वर्षांची, हेडलाइटला साधा रिफ्लेक्टर, आत अप्पर आणि डिपर दोन्ही एकातच देणारा एच-४ हॅलोजन बल्ब. मानपूर सोडलं की उजेड अपुरा वाटायचा. म्हणून तिन्ही पर्याय वापरून किंवा निदान चालवून पाहिले.

कागदावर हॅलोजन सपशेल हरतो. तापलेल्या तारेचा दिवा तो, डिपरला ५५ वॅट खाऊन जेमतेम हजार ल्युमेन उजेड देतो. बाकीची सगळी उष्णता. झेनॉनमध्ये तारच नाही. दोन टोकांमध्ये वायूतून विजेची कमान पेटते आणि ३५ वॅटमध्ये तीन हजारांच्या वर ल्युमेन निघतात. मेव्हण्याच्या सेकंडहँड गाडीत कंपनीचाच झेनॉन प्रोजेक्टर, म्हणजे भिंगातून झोत टाकणारा दिवा आहे. बिजासन घाटात त्याच्या मागे बसून मला हेवा वाटला, खोटं का बोला. पण तो पूर्ण तेजाला यायला काही सेकंद घेतो, आणि एका बाजूचा दिवा आता गुलाबीसर झालाय, म्हणजे नळी म्हातारी झाली. त्याला वीज पुरवणारा बॅलास्ट गेला तर खर्च वेगळाच. नव्याने झेनॉन बसवावा असं मला तरी वाटत नाही.

राहिला एलईडी. मी एच-४ च्या जागी बसणारे एलईडी बल्ब घेतले. घरासमोर लावले तेव्हा गल्ली पांढरी झाली, बायकोसुद्धा खूश. ठीकरीच्या पुढे मात्र समोरून येणारा प्रत्येक ट्रक डिपर मारू लागला. आधी वाटलं चुकून अप्पर राहिलाय. नव्हता. सेंधव्यापर्यंत डोळे मिचकावून आणि मनातल्या मनात माफी मागून मी थकलो. माझा निर्णय खरं तर तिथेच झाला.

कारण दुसऱ्या दिवशी भिंतीवर दिसलं. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत खाली वळतो. हे सगळं गणित बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बसवलेलं. एलईडी बल्बमध्ये चिप्स पट्टीच्या दोन बाजूंना असतात, मध्ये पट्टीची जाडी येते, आणि उजेड तारेच्या जागेवरून निघतच नाही. आठ-दहा मीटरवरून भिंतीवर झोत टाका. हॅलोजनची वरची कड स्वच्छ, डावीकडे चढत गेलेली दिसते. माझ्या एलईडीची कड फिसकटलेली होती आणि वर एक पांढरा डाग, बरोबर समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीला. शिवाय उजेड जवळच्या डांबरावर जास्त सांडत होता. त्यामुळे झगझगीत वाटायचं, पण लांबचा खड्डा तितकासा दिसायचा नाही.

मग जुने हॅलोजन परत लावले आणि एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून घेतला. इंजिन चालू, दिवे चालू: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ११.९. जुन्या बारीक तारा आणि झिजलेला स्विच वाटेत जवळपास दोन व्होल्ट खात होते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास घसरतो, म्हणजे माझा चाळीस टक्के उजेड वायरिंगमध्येच जिरत होता! बल्बला उगाच शिव्या घातल्या.

बॅटरीपासून फ्यूज लावून जाड तार, दोन रिले, सिरॅमिक होल्डर आणि चांगली अर्थ, एवढंच काम केलं. जुना स्विच आता फक्त रिले चालवतो, दिव्यांची वीज जाड तारेतून थेट जाते. होल्डरवर १३.४ आले. बल्ब साधेच, ६०/५५ चे. १००/९० च्या नादी लागू नका, प्लास्टिकचे होल्डर वितळतात आणि ते नियमातही बसत नाही. व्होल्टेज वाढल्याने बल्ब थोडा लवकर जाईल, हेही खरं. पण तो स्वस्त आहे.

विजेचं म्हणाल तर दोन्ही बाजू मिळून हॅलोजन एलईडीपेक्षा साधारण सत्तर वॅट जास्त खातो. अल्टरनेटर आणि इंजिनचा तोटा धरून माझ्या ढोबळ हिशेबाने तासाला पन्नास-साठ मिली पेट्रोल, म्हणजे पाच-सहा रुपये. धुळ्यापर्यंत चहाचा एक-दोन कपांचा फरक.

तुमची गाडी कंपनीतूनच एलईडी प्रोजेक्टर घेऊन आली असेल तर हा सगळा खटाटोप नकोच. तो झोत एलईडीसाठीच घडवलेला असतो आणि तिन्हींत उत्तम. फक्त एलईडीला वीज पुरवणारं ड्रायव्हर सर्किट गेलं तर बऱ्याचदा अख्खा दिवा बदलावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा. एच-४ असेल तर मी आधी मल्टिमीटर लावेन.

गेल्या दिवाळीत धुळ्याला जाताना एकाच ट्रकवाल्याने डिपर मारला. तेव्हा मात्र खरंच माझा अप्पर चालू राहिला होता.