जीडीपी की महागाई: बाजार कशाने हलतो?

जीडीपी आणि महागाईचा एकेक आकडा घेऊ: दोन्ही अमेरिकेचे, 2022 मधले, आणि दोन्ही अपेक्षेपेक्षा चांगले. 27 ऑक्टोबरला तिसऱ्या तिमाहीची जीडीपी वाढ 2.6 टक्के आली, तरी एस अँड पी 500 हा तिथला शेअर निर्देशांक किंचित घसरला. (मेटाच्या निकालांचाही त्यात हात होता.) तिमाही तोवर संपलेली होती, आकड्यात नवं फारसं नव्हतं.

10 नोव्हेंबरला ऑक्टोबरची महागाई 7.7 टक्के निघाली, अंदाज सुमारे 7.9 चा. फरक इवलासा, पण निर्देशांक साडेपाच टक्क्यांनी उसळला. कारण फेडचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, पुढचे व्याजदर महागाईवर ठरत होते. दरवाढ मंदावेल या आशेने रोखे परतावा उतरला आणि शेअरचं मूल्यांकन वर गेलं. मंदीची भीती मोठी असते तेव्हा मात्र वाढीचा आकडाच जास्त बोचतो.