रेज चेहरे की वोजाक: मीमसाठी कोणते रेखाटन निवडावे?

मीम तयार करताना हाताने ओढलेल्या ओबडधोबड चेहऱ्यांची दोन मोठी कुळे आपल्यासमोर असतात. एक २००८ च्या आसपास जन्मलेल्या रेज कॉमिक्सचे, ज्यात खोडसाळ हसणारा ट्रोलफेस आणि लालबुंद होऊन किंचाळणारा रेज गाय येतात. दुसरे वोजाकचे, म्हणजे तो टकला, बंद ओठांचा, कपाळाला आठ्या पडलेला उदास माणूस आणि त्याच्यापासून निघालेले असंख्य अवतार. दोन्ही कुळे साध्या रेषांची आहेत आणि दोन्ही इमेजबोर्डांवर, म्हणजे लोक बहुधा निनावी राहून चित्रे टाकतात अशा संकेतस्थळांवर, वाढली, त्यामुळे ती एकमेकांच्या जागी चालतील असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगळी आहेत: रेज चेहरा एक क्षण दाखवतो, तर वोजाक एक माणूस दाखवतो. आपल्याला घडलेली गोष्ट सांगायची आहे की कुणाची वृत्ती, हे आधी ठरले तर निवडीचा बराच भाग तिथेच संपतो.

रेज कॉमिकचा मूळ साचा चार चौकटींचा आहे. फोरचॅन या इमेजबोर्डवरच्या पहिल्या चित्रकथेत शौचालयात बसलेल्या माणसाच्या अंगावर खालचे पाणी उडते आणि शेवटच्या चौकटीत त्याचा संतापलेला चेहरा येतो. पहिल्या तीन चौकटी साध्या आणि जवळजवळ निर्विकार असतात, म्हणून चौथीतला चेहरा अंगावर येतो. येथे चेहऱ्यावरचा भाव ठरलेला असतो. रेज गाय फक्त चिडतो, आणि २०१० मध्ये आलेला ‘फॉरेव्हर अलोन’ फक्त एकटेपणाने रडतो. नवा भाव हवा असेल तर नवे रेखाटन लागते. ही मर्यादा आहे, पण वाचकाच्या दृष्टीने तीच सोय आहे, कारण पूर्वी कधीही मीम न पाहिलेल्या माणसालाही तो चेहरा पाहताच समजतो.

वोजाकचे तसे नाही. तो २००९ च्या सुमारास पोलंडमधल्या एका इमेजबोर्डवर दिसला आणि तिथून क्राउटचॅन या जर्मन इमेजबोर्डवर जाऊन पसरला. सुरुवातीला तो केवळ हळव्या दुःखाचा चेहरा होता, आणि दोन वोजाक एकमेकांना मिठी मारतात ते चित्र त्याच काळातले. मात्र त्याची बाह्यरेषा इतकी मोकळी आहे की तिच्यात काहीही भरता येते. काळी लोकरी टोपी आणि ओठांत सिगारेट दिली की भविष्याची आशा सोडलेला ‘डूमर’ होतो. चष्मा, खुरटी दाढी आणि उघडे तोंड दिले की कशानेही हुरळून जाणारा ‘सॉयजॅक’ होतो. चेहरा करडा करून नाक त्रिकोणी केले की व्हिडिओ गेममधल्या यंत्रचलित पात्रासारखा, स्वतःचा विचार नसलेला ‘एनपीसी’ होतो. भाव बदलण्याऐवजी येथे वेश आणि सवयी बदलतात, आणि त्यामुळे प्रत्येक अवतार म्हणजे माणसांचा एक वर्ग बनतो.

वोजाकची खरी जोखीम इथेच आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये करड्या एनपीसी चेहऱ्याची खाती ट्विटरवर मोठ्या संख्येने उघडली गेली. राजकीय विरोधक म्हणजे ठरावीक वाक्ये बोलणारी यंत्रे, असे त्यांतून सुचवले जात होते, आणि काही खात्यांनी अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकीच्या तारखेबद्दल खोटी माहितीही दिली. ट्विटरने सुमारे १,५०० खाती बंद केली. रेज चेहऱ्याने असे काम करणे कठीण आहे, कारण चिडलेला माणूस ‘मी’ असतो. एनपीसी किंवा सॉयजॅक मात्र जवळजवळ नेहमीच ‘तो’ असतो. समोर सोनेरी केसांचा आणि दाढीचा शांत ‘चाड’ उभा केला, की कोणताही युक्तिवाद न करता एक बाजू जिंकलेली दिसते. युरोपीय चेहऱ्याचा हा माणूस सरसकट आदर्श म्हणून वापरावा का, याचा मराठी मीमकर्त्याने एकदा तरी विचार करावा असे मला मनापासून वाटते.

आता एक उदाहरण घेऊ. गणपतीसाठी मुंबईहून कणकवलीला जायचे आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते आणि त्यासाठी सकाळी आठचा मुहूर्त साधावा लागतो. रेज कॉमिकमध्ये हे सरळ बसते. पहिल्या चौकटीत प्रवाशांची नावे आधीच भरून तयार बसलेला माणूस, दुसरीत घड्याळात आठ, तिसरीत पैसे भरण्याच्या पानावर गरगर फिरणारे चक्र, आणि चौथीत भलामोठा प्रतीक्षा क्रमांक पाहून किंचाळणारा चेहरा. वाचक स्वतःला त्या जागी पाहतो आणि कुणाचाही अपमान होत नाही.

हाच विषय वोजाकच्या घंटाकृती आलेखात मांडून पाहू. या साच्यात डावीकडे मंदबुद्धी वोजाक, मध्ये शिखरावर चष्मा लावून रडणारा, आणि उजवीकडे डोक्यावरून वस्त्र घेतलेला ज्ञानी असतो. दोन्ही टोकांच्या तोंडी शब्दशः एकच छोटे वाक्य हवे, उदाहरणार्थ ‘एसटीने जाऊ’, आणि मधल्याच्या तोंडी आरक्षणाच्या तारखा, पर्यायी गाड्या, जवळची स्थानके यांचे लांबलचक गणित. चित्र नेटके दिसते, पण त्यातला दावा टिकत नाही. सणाच्या तोंडावर एसटीलाही गर्दी असते, महामार्गावर वाहने खोळंबतात, आणि साठ दिवस आधी हिशेब मांडणारा मधला माणूस खरे तर शहाणपणाने वागत असतो. मधल्याचे म्हणणे मुळात बरोबर असेल तर हा साचा वापरू नये. वाचकांच्या प्रतिक्रिया मधल्याची बाजू घेऊ लागल्या, तर साचा चुकला असे समजावे.

त्याच प्रसंगात वोजाक योग्य ठरेल अशी एक जागा आहे. ‘वेटिंग आहे ना, होईल कन्फर्म’ असे निवांतपणे सांगणारे काका आणि दर तासाला पीएनआर तपासून खचलेला पुतण्या, ही जोडी घटनेची नसून दोन स्वभावांची आहे. रडका वोजाक आणि शांत चेहरा समोरासमोर ठेवला की ती एका चौकटीत उभी राहते. येथे मी चाडच्या जागी साधा वोजाकच घेईन आणि त्याला मिशा व काकांचा चष्मा देईन. मोकळ्या बाह्यरेषेचा हा उपयोग रेज चेहऱ्यांत मिळत नाही.

वाचक कोण, हेही पाहावे लागते. घरातल्या मोठ्यांच्या गटात एनपीसी किंवा डूमर समजावून सांगावा लागतो आणि समजावून सांगितलेले मीम मरते. तिथे रेज चेहरा बरा. विशीतल्या वाचकांना मात्र तो जुनाट वाटतो.

छापील टी-शर्ट किंवा जाहिरातीसाठी चेहरा हवा असेल तर ट्रोलफेस टाळावा. कॅलिफोर्नियातल्या कार्लोस रामिरेझ यांनी तो २००८ मध्ये काढला, नंतर अमेरिकेत त्याच्या स्वामित्वहक्काची नोंदणी केली आणि परवान्यांतून उत्पन्नही मिळवले. वोजाकच्या मूळ रेखाटनावर असा उघड दावेदार दिसत नाही, पण म्हणून ते कायद्याने मुक्त झाले असे धरू नये. व्यवसायासाठी स्वतः नवा चेहरा काढणेच योग्य.

चित्र साठवताना पीएनजी ठेवावे. जेपीईजीमध्ये बारीक काळ्या रेषांभोवती राखाडी ठिपके येतात आणि चित्र पुन्हा पुन्हा जेपीईजीमध्ये साठवले की ते वाढतात. व्हॉट्सॲपचे स्थिर स्टिकर ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचे आणि १०० किलोबाइटच्या आत लागते. त्या आकारात रेज चेहऱ्याच्या जाड रेषा ठळक राहतात, पण वोजाकच्या कपाळावरच्या आठ्या पुसट होतात, म्हणून स्टिकर करण्यापूर्वी त्याच्या रेषा जाड करून घ्याव्यात.