कुटुंब मेळाव्याच्या फ्लेक्सवर वंशवृक्ष: ग्राफव्हिज काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

वंशवृक्षाचा फ्लेक्स बिघडतो तो रुंदीमुळे. पिढ्या चार-पाचच असतात, त्यामुळे उंची कधी कमी पडत नाही. शेवटच्या पिढीची नावं मात्र एका ओळीत बसता बसत नाहीत. मग कोणीतरी अक्षरं बारीक करतं, आणि मेळाव्यात म्हातारी माणसं फ्लेक्ससमोर उभी राहून नातवाला विचारतात, "काय लिहिलं आहे रे?" आमच्या घराण्याचा मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपुरात व्हायचा होता आणि वंशवृक्षाचं काम दिवाळीतच माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी ग्राफव्हिज हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो आहे. यात चित्र हाताने काढायचं नसतं. कोणाचा मुलगा कोण एवढं साध्या मजकुरात लिहायचं, चौकोन आणि रेषा ते स्वतः मांडतं. वीस-पंचवीस माणसांच्या झाडासाठी एवढा खटाटोप कोणी करू नये, तेवढं हातानेही होतं. फांद्या खूप असतील आणि नावं सारखी बदलत असतील, तर मात्र याच्यासारखं साधन मला दुसरं सापडलं नाही.

आमचा हिशेब असा. मूळ जोडपं एक, त्यांची सात मुलं, २४ नातवंडं आणि ६१ पतवंडं. आडनावं लिहायची नाहीत, फक्त घरात चालतं ते नाव लिहायचं, हे आधीच ठरलं होतं: बाळू, छकुली, सई, ओम. फ्लेक्स ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे रुंदी ९६ इंच. चार-पाच फुटांवरून सगळ्यांना आरामात वाचता यावं म्हणून अक्षर ४८ पॉइंटचं धरलं, म्हणजे दोन-तृतीयांश इंचाचं. या मापात लहानसं नाव आणि शेजारची मोकळी जागा मिळून दोन इंच जातात. ६१ पतवंडं एका ओळीत ठेवली तर १२२ इंच होतात, म्हणजे दहा फुटांच्याही वर. नाव कितीही छोटं असलं तरी ही मांडणी बसत नाही.

यावर उपाय म्हणजे शेवटची पिढी आडवी पसरवायचीच नाही. ती आईवडिलांच्या चौकोनाखाली उभ्या यादीत लिहायची. मग रुंदी ठरते ती २४ नातवंडांच्या ओळीवरून. नवऱ्याचं नाव वर आणि बायकोचं खाली असा दोन ओळींचा चौकोन केला, की एका जोडप्याला अंतर धरून साधारण पावणेतीन इंच लागतात. २४ जोडप्यांचे ६५-६६ इंच झाले. फांद्या कमीजास्त असल्याने मध्ये जी जागा सुटते ती धरूनही ९६ इंचांत सगळं आरामात मावतं. नावं छोटी असण्याचा खरा फायदा इथे मिळतो, कारण याद्या अरुंद राहतात आणि शेजारच्या फांदीला ढकलत नाहीत.

`vansh.dot` या फाइलमधल्या एका फांदीचा नमुना देतो:

```
digraph vansh {
  ordering=out
  nodesep=0.5
  ranksep=1.2
  node [shape=box, fontname="Mukta", fontsize=48]
  edge [arrowhead=none, penwidth=3]
  p3   [label="बाळू\nसुनंदा"]
  p3_1 [label="मंगेश\nवर्षा"]
  m3_1 [shape=plaintext, height=6, labelloc=t,
        label="सई\lओम\l"]
  p3 -> p3_1 -> m3_1
}
```

यातल्या `m3_1` या ओळीवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. ग्राफव्हिज एका पिढीतले सगळे चौकोन मध्यरेषेवर जुळवतं, वरच्या कडेवर नाही. त्यामुळे एका घरी पाच मुलं आणि शेजारच्या घरी एकच असेल, तर एकुलत्या मुलाचं नाव त्या पाचांच्या मधल्या नावाच्या पातळीवर लोंबकळतं. पाहणाऱ्याला वाटतं की ही खालची पिढी आहे. `height=6` लिहिल्यावर प्रत्येक यादी निदान सहा इंच उंच होते, `labelloc=t` मुळे नावं वरच्या कडेला चिकटतात आणि `plaintext` मुळे खालची रिकामी जागा दिसत नाही. सहा इंच हा आकडा आमच्या सर्वांत लांब यादीवरून आला आहे. तुमच्याकडे एखाद्या घरी जास्त मुलं असतील तर तो वाढवावा लागेल. कोण्या पतवंडालाही मूल झालं असेल, तर त्याच यादीत आईच्या किंवा बापाच्या नावाखाली लहान रेघ देऊन त्याचं नाव लिहावं. दोन-तीन बाळांसाठी नवी पिढी उघडली तर अख्ख्या फ्लेक्सची मांडणी हलते.

माणसाची खूण आणि माणसाचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच नीट ठेवा. आमच्या घराण्यात बाळू दोन आहेत. फाइलमध्ये `बाळू` हीच खूण वापरली, तर सॉफ्टवेअर दोघांना एकच माणूस समजतं आणि त्या बाळूला दोन बाप मिळतात. फ्लेक्सवर ते लगेच ओळखू येतं, कारण एका चौकोनात वरून दोन रेषा येतात. म्हणून खुणेसाठी क्रमांक वापरायचे: तिसरं अपत्य `p3`, त्याचं पहिलं अपत्य `p3_1`. वंशावळ लिहिणाऱ्यांत १९४० पासून दाबोव्हिल पद्धत चालत आली आहे, तिचाच हा प्रकार. तिथे अंकांमध्ये टिंब असतं. इथे `3.1.2` असं लिहिलं तर ग्राफव्हिज अडखळतं, म्हणून अंडरस्कोअर. याचा आणखी एक फायदा असा की फोनवर कोणी "तिसऱ्या घरचा दुसरा" म्हणालं, की ती ओळ लगेच सापडते.

`ordering=out` विसरू नका. हे नसेल तर रेषा एकमेकींना छेदू नयेत म्हणून सॉफ्टवेअर भावंडांचा क्रम आपल्या मनाने बदलू शकतं. हे असलं की तुम्ही ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे नावं येतात. क्रम मात्र जन्माचाच लिहा. बऱ्याच जुन्या वंशावळींत आधी सगळे मुलगे येतात आणि मुली शेवटी, किंवा मुली नसतातच. आमच्याकडे एका शाखेची यादी अशीच आली होती. कच्ची प्रत बघून मोठी आई म्हणाली, "माया छकुलीचं नाव शेवटी कावून टाकलं? थे तं सगळ्यात मोठी आहे." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. सगळ्या लेकींना त्यांच्या जागी आणलं, त्यांच्या फांद्याही पूर्ण काढल्या. फाइलमध्ये हे काम म्हणजे एक ओळ उचलून वर ठेवणं एवढंच. हाताने काढलेल्या चित्रात अर्धा फ्लेक्स सरकवावा लागला असता.

आतेमामे भावंडांत लग्न झालेलं असेल तर एकच जोडपं दोन फांद्यांत येतं. दोन चौकोनांना जोडणारी लांब रेषा सगळं झाड कापत जाते आणि कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा दोन्ही ठिकाणी नाव लिहून पुढे सारखा तारा काढावा आणि मुलं एकाच ठिकाणी द्यावीत.

नाखुशी रेषांबद्दल आहे. मूळ जोडप्यापासून सात मुलांकडे जाणाऱ्या रेषा सत्तर-ऐंशी इंचांत पसरतात, आणि मधली उंची कमी असली की त्या जवळजवळ आडव्या पडतात. त्या पहिल्या रेषांना `minlen=3` दिल्यावर बरं दिसतं. काटकोनी रेषांसाठी `splines=ortho` आहे, पण त्यात प्रत्येक रेषा बापाच्या चौकोनातून वेगळी निघते. आपल्याला हवी असते तशी एक आडवी पट्टी आणि तिच्यातून खाली उतरणाऱ्या दांड्या, अशी रचना आपोआप मिळत नाही. मी वळणदार रेषाच ठेवल्या.

`size` हा पर्याय फ्लेक्सच्या फाइलमध्ये लिहू नका. चित्र त्या मापापेक्षा मोठं झालं की ग्राफव्हिज न सांगता सगळं लहान करतं, अक्षरंसुद्धा. तुम्ही ४८ लिहिलेलं असतं आणि छापून येतं ३०. खऱ्या मापात पीडीएफ काढा, पानाची रुंदी बघा आणि जास्त असेल तर अंतरं कमी करा. कच्च्या प्रतीसाठी मात्र हाच पर्याय कामाचा आहे:

```
dot -Tpdf -Gsize="16,11" vansh.dot -o kacchi.pdf
dot -Tpng -Gdpi=100 vansh.dot -o flex.png
```

पहिली ओळ ए-३ कागदासाठी. ८० इंचांचं झाड त्यावर आलं की अक्षर नऊ-दहा पॉइंटचं होतं, घरी बसून वाचायला ते पुरतं. ही प्रत प्रत्येक शाखेतल्या एका माणसाकडे दिली आणि लाल पेनाने दुरुस्त्या मागवल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, नावं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरी ओळ फ्लेक्सवाल्यासाठी. नागपूरच्या महाल भागातल्या ज्या दुकानात छापायला दिलं, तिथल्या संगणकावर आमचा फॉन्ट नव्हता. अशा वेळी पीडीएफ त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की जोडाक्षरं फुटू शकतात: पहिली वेलांटी अक्षरानंतर सरकते, "कीर्ती"तला रफार सुटा पडतो, "ऋत्विक"मध्ये हलंत दिसतो. ही दोन्ही नावं आमच्या यादीत होती, म्हणून स्क्रीनवर आधी तीच तपासली. तुमच्या यादीतली अशी अवघड नावं आधीच बाजूला लिहून ठेवा. पीएनजीत अक्षरांचं चित्रच झालेलं असतं, त्यामुळे हा धोका राहत नाही. १०० डीपीआयला ९६ इंचांचे ९६०० पिक्सेल होतात, आणि एवढ्या मापाच्या अक्षरांना ते पुरेसे आहेत. फॉन्टचं नाव चुकलं तर ग्राफव्हिज मुकाट्याने दुसराच फॉन्ट वापरतं. लिनक्सवर `fc-list :lang=mr` लिहिलं की मराठीसाठी कोणते फॉन्ट आहेत ते दिसतं.

मजकूर लिहायची सवय नसेल तर पहिले काही दिवस हे साधन परकं वाटतं. एक अवतरणचिन्ह राहिलं तरी चित्र येत नाही, फक्त कितव्या ओळीत घोटाळा आहे ते कळतं. रंग, वरचा मथळा आणि आजी-आजोबांचा फोटो मी दुकानातच लावून घेतला, यात ते करत बसण्यात अर्थ नाही. आमचं झाड वीसेक इंच उंच झालं, म्हणून मथळा आणि फोटो लावूनही खाली रिकामा पट्टा उरला. तो तसाच ठेवला आणि फ्लेक्सजवळ परमनंट मार्कर ठेवला. मेळाव्यात राहून गेलेली नावं लोकांनी तिथे स्वतः लिहिली. ती आता फाइलमध्ये आपापल्या घरात घातली आहेत, आणि सध्या शाखेनुसार ए-३ प्रती काढणं चालू आहे.