पुश मोहिमेचा अहवाल: ‘उघडून खरेदी’ की ‘न पाठवलेला गट’?

दादरमधल्या किराणा अ‍ॅपच्या टीमपुढचा प्रश्न असा: नोटिफिकेशन उघडून 24 तासांत झालेली खरेदी मोजायची, की काहींना मुद्दाम न पाठवता फरक काढायचा?

समजा यादी 1,00,000 जणांची आहे. यादृच्छिक निवडलेल्या 10,000 जणांना पाठवलं नाही. उरलेल्या 90,000 पैकी 4,500 जणांनी उघडलं, त्यातल्या 630 जणांनी खरेदी केली. पहिली पद्धत 630 हाच आकडा दाखवते. पण न पाठवलेल्यांतही 170 जणांनी, म्हणजे 1.7 टक्क्यांनी खरेदी केली. पाठवलेल्यांत उघडणारे-न उघडणारे धरून 1,800, म्हणजे 2 टक्के. फरक 0.3 टक्का, मोहिमेमुळे वाढलेले ग्राहक साधारण 270. बाकीचे तसेही घेणारच होते!

इथे भागायचं ते पूर्ण 90,000 ने. फक्त डिलिव्हरी झालेले धरले तर बंद फोनवाले एकाच गटातून गळतात आणि तुलना बिघडते. दोन्ही गटांचं घड्याळ पाठवल्या क्षणापासून सुरू करा. तारखेवरून मोजलंत तर गफलत होते, कारण यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते.

मेहनत पहिलीत कमी. मात्र परवानगी बंद केल्याचं अ‍ॅपला बहुधा पुढच्या वेळी उघडल्यावरच कळतं, आणि अ‍ॅप काढल्याचं पुढच्या पाठवणीत `UNREGISTERED` आल्यावर, तेही कधी उशिराने. त्यामुळे परवानगी बंद करणाऱ्यांची किंवा अ‍ॅप काढणाऱ्यांची आजची उसळी कालच्या मोहिमेच्या माथी बसू शकते. आठवडाभराने दोन्ही गटांतलं प्रमाण ताडून पाहिलं तर दोष कुणाचा ते दिसतं.

दोन मजकुरांतला निवडायचा असेल, किंवा यादी पाच-दहा हजारांचीच असेल, तर पहिली पद्धत पुरे. सवलतीचा खर्च वसूल होतो का हे ठरवायचं असेल, तर दुसरीच.