घाऊक किराणा मिळून आणताना टेम्पोचं भाडं कसं वाटायचं: घरटी, किलोवर की बिलावर?

मुलुंडला आमच्या इमारतीतली चार घरं दर दोन महिन्यांनी मिळून वाशीच्या एपीएमसीतल्या दाणा बाजारातून माल आणतात. मालाच्या भावावरून आमच्यात कधी वाद झाला नाही, कारण ज्याने जितकं घेतलं त्याने तितक्याचे पैसे द्यायचे हे सगळ्यांना मान्य आहे. वाद होतो तो टेम्पोचं भाडं आणि हमाली यांवरून. तुम्ही शेजाऱ्यांबरोबर असं काही सुरू करणार असाल तर भाड्याची रीत आधी ठरवा. कोणती रीत कुणाला जड जाते, ते आमच्याच एका खेपेवरून सांगते. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

त्या खेपेत शेंगदाणा तेलाचे 15 किलोचे दोन डबे (180 रुपये किलो), कोलम तांदूळ 50 किलो (60 रुपये), तूरडाळ 30 किलो (120 रुपये) आणि साखर 50 किलो (42 रुपये) असा माल होता. एकूण 160 किलो आणि 14,100 रुपये. टेम्पोचे 800 आणि हमालीचे 160 मिळून वरखर्च झाला 960 रुपये.

| घर | माल | घरटी समान | किलोवर | बिलावर |
|---|---|---|---|---|
| सहा माणसांचं घर | 72 किलो, 6,480 रु. | 240 | 432 | 441 |
| आमचं, चौघांचं | 48 किलो, 4,170 रु. | 240 | 288 | 284 |
| दोघं नोकरदार | 25 किलो, 2,220 रु. | 240 | 150 | 151 |
| तळमजल्यावरच्या आजी | 15 किलो, 1,230 रु. | 240 | 90 | 84 |

घरटी समान वाटणी सगळ्यात सोपी, आणि पहिल्या दोन खेपा आम्ही तीच केली. आजींनी एकदा शांतपणे विचारलं, "अगं, मग मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडूनच घेतलेलं काय वाईट?" हिशेब केल्यावर त्यांचं म्हणणं खरं निघालं. नाक्यावरच्या भावाशी तुलना केली तर तेलामागे किलोला 20, डाळीमागे 15, तांदळामागे 8 आणि साखरेमागे 3 रुपये वाचत होते. आजींनी 2 किलो तेल, 5 किलो तांदूळ, 3 किलो डाळ आणि 5 किलो साखर घेतली होती. त्यांची बचत झाली 140 रुपये, आणि भाड्यापोटी त्यांनी दिले 240. म्हणजे शंभर रुपये पदरचे घालून त्या आमच्या घरांचं भाडं भरत होत्या, तेही दोन खेपा, आणि आम्हाला ते दिसलंच नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. घरटी वाटणी चालते ती सगळ्यांचा माल जवळजवळ सारखा असेल तेव्हाच.

किलोवर आणि बिलावर या दोन रकान्यांत मात्र फार फरक दिसत नाही. प्रत्येकाने थोडंथोडं सगळंच घेतलं की दोन्ही रीती जवळपास एकाच आकड्याला येतात. फरक पडतो तो कुणी एकच जिन्नस उचलला तर. समजा याच खेपेत एखाद्याने फक्त तेलाचा एक डबा घेतला असता, तर किलोवर त्याला 90 रुपये पडले असते आणि बिलावर 184. दुसऱ्याने फक्त 25 किलो तांदूळ घेतला असता, तर किलोवर 150 आणि बिलावर 102. टेम्पोत जागा अडते आणि हमालाच्या पाठीवर भार येतो तो वजनाचा, किमतीचा नाही. म्हणून मी किलोच्या बाजूची आहे. शिवाय किलोचा हिशेब काट्यावर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे शंका राहत नाही.

किलोच्या रीतीत एक खोट आहे, ती साखरेत दिसते. वरखर्च किलोमागे 6 रुपये आणि साखरेवरची बचत 3 रुपये, म्हणजे साखर घेणारा त्या जिनसावर तोट्यात. तरीही सगळ्यांनी मिळून साखर आणण्यात फायदाच होता, कारण टेम्पोचे 800 साखर नसती तरी द्यावेच लागले असते. साखर वगळली असती तर 110 किलोवर किलोमागे सव्वाआठ रुपये पडले असते आणि तांदूळही तोट्यात गेला असता. खरा उपाय वाटणीत नाही, भरण्यात आहे. तीनचाकी टेम्पोत साधारण 500 किलो माल बसतो. आपण 400 किलो भरला तर टेम्पोचे किलोमागे 2 आणि हमालीचा 1, असे 3 रुपये पडतात आणि साखर बरोबरीत सुटते. चार घरांची आठ घरं करणं हे वाटणीची रीत बदलण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

याच कारणाने ऐनवेळी माघार फार महागात पडते. टेम्पो ठरल्यावर सहा माणसांच्या घराने अंग काढून घेतलं असतं, तर उरलेल्या 88 किलोवर किलोमागे दहा रुपये आले असते आणि आजींची 140 ची बचत 151 च्या भाड्यात बुडाली असती. आम्ही आता टेम्पोचा वाटा यादी देतानाच घेतो आणि माघार घेतली तर परत देत नाही. नातेसंबंधांत हे कडक वाटतं, पण एकदा सांगून टाकलं की कुणी मनाला लावून घेत नाही.

तेलाच्या बाबतीत वेगळीच काळजी घ्यावी लागते. बाजारात 15 किलोचे डबे असतात आणि 15 लिटरचेही, आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात किलोने मोजलं तर साडेतेराच्या थोडं वर तेल असतं. भाव विचारताना डब्यावरचं निव्वळ वजन वाचायचं आणि किलोचा भाव काढूनच तुलना करायची. घरी वाटतानाही तीच चूक होते. नोकरदार जोडप्याने 5 लिटरचा कॅन आणला होता. तो काठोकाठ भरला आणि वहीत 5 किलो लिहिले. प्रत्यक्षात तेल साडेचार किलोच्या जरासं वर होतं. साडेचारशे ग्रॅम तेलाचे 81 रुपये त्यांनी जास्त दिले, म्हणजे भाड्यात ज्यावरून आम्ही भांडलो जवळपास तेवढेच. आता रिकामा कॅन आधी काट्यावर ठेवतो, त्याचं वजन लिहितो, मग तेल ओततो. डबा शेवटी चाळणीवर पालथा घालून ठेवतो, कारण तळाशी आणि कडांना बरंच तेल चिकटून राहतं.

डाळ-तांदळातही थोडी घट येते. गोणीवर 30 किलो लिहिलेलं असतं, पण सगळ्यांचे वाटे मिळून 29.7 भरतात. ही घट वाटणाऱ्याच्या माथी मारू नका. 3,600 रुपयांना 30 ने न भागता प्रत्यक्ष वाटलेल्या 29.7 ने भागा. डाळ 120 ऐवजी 121 रुपये 20 पैसे किलो पडते आणि घट आपोआप सगळ्यांत वाटली जाते. वाटे संपेपर्यंत कुणाकडूनही पक्की रक्कम घ्यायची नाही, एवढंच त्यासाठी पाळावं लागतं.