तुक्का मारावा की प्रश्न सोडावा?

क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेत बरोबर उत्तराला १ गुण मिळतो, चुकलं तर ०.२५ जातो, आणि सोडलेल्या प्रश्नाचं शून्य. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर सरासरी ०.०६ पदरात पडतं, म्हणजे सोडल्यासारखंच. दोन पर्याय खात्रीने खोडले की तेच ०.३७५ होतं. तिथे सोडणं तोट्याचं.

समजा उताऱ्यात नियम आहे: दुसऱ्याच्या ताब्यातल्या जमिनीत विनापरवानगी शिरणं म्हणजे अतिक्रमण, नुकसान झालेलं नसलं तरी. एकजण शेजाऱ्याच्या पऱ्हाटीतून, न विचारता, धुऱ्याने गेला. ‘नुकसान नाही म्हणून दोषी नाही’ आणि ‘जवळची वाट म्हणून दोषी नाही’ हे दोन्ही नियमाविरुद्ध, म्हणून खोडा. उरले ‘परवानगी नव्हती म्हणून दोषी’ आणि ‘पीक उभं होतं म्हणून दोषी’. इथे अडलात तरी खूण कराच. (पिकाचा उल्लेख नियमात नाही, हे दिसलं तर तुक्क्याचीही गरज नाही.)

घोळ खोडताना होतो. ‘धुऱ्यावरून तर सारेच जातात’ असं गावच्या रीतीने ठरवलं की बरोबर पर्यायच उडतो आणि उरलेल्यांतून काहीही निवडलं तरी पाव गुण जातो. खोडलेल्या पर्यायासमोर नियमातला शब्द दाखवता येत नसेल, तर तो खोडलेला धरू नका. उतारा वाचलाच नसेल तर सोडा.

एमएच सीईटी लॉमध्ये गुण कापत नाहीत. तिथे एकही प्रश्न रिकामा नको.